विसावा भाग

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्यासाठी ज्यांचे आभार मानावेत अशा माणसांत सातवीचे आमचे वर्गशिक्षक सर्वांत आधी येतात. ते इतिहास शिकवायचे. संगमेश्वरजवळच्या आमच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मला त्यांनीच बसवलं, पुस्तकंही त्यांनीच आणून दिली. त्याच सरांविरुद्ध जाणारा एक अहवाल मला पालकसभेत वाचायचा होता.

गणिताच्या बाईंनी शेकडेवारीचा धडा संपवून उपक्रम दिला होता: वर्गाचा आवडता विषय कोणता, ते पाहा आणि अपूर्णांक व टक्के वापरून छोटा अहवाल लिहा. प्रत्येकाने एकच विषय निवडायचा. वर्गात चाळीस मुलं. बाईंनी काम माझ्यावर सोपवलं. सरांच्या तासाला शेवटची दहा मिनिटं मागून मी एकेका विषयाचं नाव घेतलं आणि वर आलेले हात मोजले. सर खुर्चीत बसून पाहत होते.

घरी आकडेमोड केली. मराठी बारा, म्हणजे तीस टक्के. गणित दहा, पंचवीस. विज्ञान आठ, वीस. इंग्रजी चार, दहा. चित्रकलाही चार, दहा. इतिहास आठ, वीस. बेरीज आली एकशे पंधरा.

मी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. मग हातांची बेरीज केली, ती सेहेचाळीस. सहा हात जास्त.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला दाखवलं. तिचे वडील आखातात नोकरीला होते आणि तिला कशाचीच फारशी काळजी नसायची.

"त्यातला एक माझा," ती म्हणाली.

"तू तर मराठीला केला होतास."

"मग इतिहासालाही केला. सर माझ्याकडेच बघत होते गो. हात खाली ठेवून बसू कशी?"

"मग आता?"

"आता काय, सगळ्यांतून थोडं थोडं काप. शंभर झाले की झालं."

ते मला पटलं नाही. मधल्या सुट्टीत मी वहीच्या पानांच्या चाळीस चिठ्ठ्या केल्या. नाव लिहायचं नाही, एकच विषय लिहायचा, घडी घालून कंपासपेटीत टाकायची. बाकीचे सगळे आकडे होते तेवढेच राहिले. इतिहास मात्र आठावरून दोनावर आला.

मैत्रिणीने चिठ्ठ्या पुन्हा मोजून पाहिल्या. मग म्हणाली, "इतर लिही. चित्रकला आणि इतर, पंधरा टक्के. खोटं पण नाही, आणि इतरात कोण बघतो?"

तिचा हिशोब बरोबर होता. दहा आणि पाच पंधराच होतात. त्या रात्री अहवाल लिहिताना 'इतर' हा शब्द माझ्या पेनाच्या टोकापर्यंत आला. पण बाईंनी प्रत्येक विषय सांगायला सांगितलं होतं, आणि एखादा विषय झाकायचा असेल तर चिठ्ठ्या कशाला केल्या? मी सगळे विषय लिहिले.

पालकसभेला आई काजूच्या कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती. सर पहिल्या रांगेत होते. मी वाचायला लागले.

"आमच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने एक विषय निवडला. तीन दशांश विद्यार्थ्यांना, म्हणजे तीस टक्क्यांना, मराठी आवडते. पाव वर्गाला गणित आवडते, म्हणजे पंचवीस टक्के."

"पाव कुठल्या बेकरीचा?" मागून कोणीतरी म्हणालं आणि मुलं हसली. मी थांबले नाही.

"एक पंचमांश, म्हणजे वीस टक्के, विज्ञान. इंग्रजी आणि चित्रकला प्रत्येकी एक दशांश, म्हणजे दहा-दहा टक्के. इतिहास दोन विद्यार्थ्यांना आवडतो. हा वर्गाचा विसावा भाग आहे, म्हणजे पाच टक्के. एकूण शंभर टक्के. आधी हात वर करून मोजले तेव्हा काहींनी दोनदा हात केले, म्हणून नंतर चिठ्ठ्या घेतल्या."

हसणं थांबलं होतं. मी कागदावरच नजर ठेवली. सर उठले.

"इतिहासाचा आकडा परत सांग बाळ. किती भाग?"

"विसावा, सर."

"बरोबर," ते पालकांकडे वळून म्हणाले. "माझ्या तासाला वर्ग विसावा घेतो, असा मला संशय होताच. आज तो गणिताने सिद्ध झाला."

सगळी सभा हसली, मैत्रीण सर्वांत मोठ्याने. सरांनी माझ्या हातून कागद घेतला, पूर्ण वाचला आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाले, "हातांवरून मला आठ जण वाटले होते. बरं झालं सांगितलंस." मग स्वतः टाचण्या घेऊन त्यांनी तो फलकावर लावला. वर्ष संपेपर्यंत तो तिथेच होता.

एस.टी.च्या थांब्यावर आईने विचारलं, "सर रागावले काय गो?"

"नाही."

"आणि शंभर झाले ना बरोबर?"

"झाले."

"मग झालं," आई म्हणाली आणि गाडी येते का ते पाहायला पुढे गेली.