हळद, चुना आणि वॉरंटीचा ठिपका

बाबांच्या फोनमधून आवाज येणं बंद झालं तेव्हा मी हिंगोलीला कॉलेजात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे फोनचं दुखणंही माझ्याकडेच आलं.

फोनची घंटी वाजायची, बाबांचं बोलणं पलीकडे जायचं, पण कानाशी काहीच ऐकू यायचं नाही. ताईचं बाळंतपण जवळ आलेलं आणि ती पुण्याला. रोज संध्याकाळी तिचा फोन आला की बाबा एका दमात सांगायचे, "आमी बरे हाओत. तू जेवत जा. ठेवतो." आणि खरंच ठेवायचे. ताईचा आवाज त्यांच्या कानावर पडून बरेच दिवस झाले होते.

फोन घेऊन आठ महिने झाले होते, म्हणजे कंपनीची एक वर्षाची वॉरंटी चालू होती. दुकानदाराने वर एक वर्षाचा जादा प्लॅनही दिला होता. मी त्याची बारीक अक्षरं शब्दकोश घेऊन वाचली आणि बाबांना घेऊन बसस्टँडजवळच्या सर्व्हिस सेंटरला गेलो.

तिथल्या मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि मान हलवली. "काका, पाणी गेलंय. हा ठिपका पांढरा असतो. पाणी लागलं की लाल होतो. लाल म्हणजे वॉरंटी बाद."

"पाणी?" बाबा म्हणाले. "माझ्या फोनला? अंघोळीच्या वक्ताला मी ह्याला देवाजवळ ठेवतो!"

मी हळूच जादा प्लॅनचा कागद पुढे केला. मेकॅनिक म्हणाला, "हा कंपनीचं वर्ष संपल्यावर सुरू होतो. आणि त्यातही पाणी चालत नाही. पडणं, फुटणं, भिजणं यांचा प्लॅन वेगळा मिळतो."

ते मी वाचलं होतं. फक्त बाबांना सांगायचं धाडस झालं नव्हतं.

"म्हंजी मला पुढल्या साली ऐकू येईल म्हणा," बाबा म्हणाले. मग ते वाकून ठिपक्याकडे बघत राहिले. "साहेब, ह्यो लाल पाण्याचा न्हाई. ह्यो कुंकवाचा लाल हाय."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

पण बाबांचं बरोबर होतं. घरी वाळलेल्या हळदीला पॉलिश चाललेलं, त्यामुळे बोटं पिवळी. तंबाखू मळताना त्याच बोटांना चुना. आणि आवाज परत यावा म्हणून ते दिवसातून चारदा बॅटरी काढून, त्याच बोटांनी आतली जागा पुसून परत बसवायचे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक.

"लिंबू लावा, परत पिवळं होतंय का न्हाई बघा!" असं म्हणून बाबा बाहेरच्या सरबतवाल्याकडून अर्धं लिंबू घेऊन आले. मेकॅनिक हात आडवा करेपर्यंत त्यांनी ते ठिपक्यावर पिळलं.

लाल रंग खरोखर पिवळा झाला.

"बघा!" बाबा ओरडले. रांगेतले दोघंतिघं वाकून बघायला लागले. एक जण तर "मान गए चाचा" म्हणाला.

आणि त्या पिवळ्याच्या खालून ठिपका हळूहळू लाल होत गेला. यावेळी खराच.

"काका," मेकॅनिक म्हणाला, "लिंबात पाणीच असतं."

मग बाबांनी विचारलं, "तुमचा त्यो भिजण्याचा प्लॅन आता घेतला तर?"

"आधी झालेल्या नुकसानाला तो लागत नाही. आणि आधीच घेतला असता तरी त्यात अपघात पाहिजे. तुम्ही तर माझ्या टेबलावर, साक्षीदारांसमोर पिळलं."

मी अडखळत म्हणालो, "सर, आवाज तर लिंबाच्या आधीपासून बंद आहे. आतमध्ये अजून एखादा ठिपका असतो का?"

मेकॅनिकने थोडा विचार केला, फोन पुसला आणि स्क्रू काढले. आतल्या पट्टीवरचा ठिपका पांढरा होता. गंज नाही, डाग नाही. "आत पाणी गेलेलं नाही. कानाचा स्पीकरच खराब निघालाय. वॉरंटीत बसवतो. बाहेरचा ठिपका लिंबाने लाल झाला, असा शेरा मात्र लिहावा लागेल."

"ह्यो आतला तरी खरा पांढरा हाय का? बघू का?" बाबांचा लिंबाचा हात पुढे सरकला.

"काका!" मेकॅनिकने ते लिंबू काढून घेतलं आणि आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं.

स्पीकर बसला. आम्ही स्टँडवर येतोय तोच ताईचा फोन आला. मी बटण दाबून फोन बाबांच्या कानाला लावला. माझ्यापर्यंत ताईचा आवाज आला, "बाबा, आज तरी ऐकू येऊन राहिलं का?"

बाबांचे डोळे भरले. ते म्हणाले, "आमी बरे हाओत. तू जेवत जा. ठेवतो."

आणि ठेवला.

"काहून ठेवला बाबा?" मी विचारलं.

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सवय रे! लाव, लाव परत!"