अंतर, वेळ आणि उरलेले रकाने

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास, कळंब्याच्या रस्त्यावर, अकराव्या किलोमीटरला माझं धावणं थांबलं. डाव्या नडगीच्या हाडाला ताणाने चीर गेली होती. हे तीन दिवसांनी एमआरआयमध्ये कळलं. मी पडले नव्हते, पाय मुरगळला नव्हता, कुठलं वाहन धडकलं नव्हतं. पायाने वजन घेणं बंद केलं आणि मी रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले. घड्याळ थांबवलं. घरी आल्यावर वहीत लिहिलं : १०.६ किमी, १ तास ७ मि. धाव अपूर्ण.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर बारा वर्षं काम करते. आलेल्या बातम्या तपासणं, कापणं, पानावर बसवणं हे माझं काम. त्या डिसेंबरात आई जाऊन सात महिने झाले होते. धावायला मी ती गेल्याच्या पुढच्या महिन्यात सुरुवात केली. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. कामाखेरीज त्या वर्षी मी जे काही करत होते ते एवढंच होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म लावली आणि विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"रविवारपासून."

"अशी चीर एका रविवारात पडत नाही. आधी काही आठवडे दुखलं असणार."

"तशी नोंद नाही."

"नोंद नाही, की दुखत नव्हतं?"

मग त्यांनी पाळीची शेवटची तारीख विचारली. तीही सांगता आली नाही. त्यांनी रक्ताच्या आणि हाडांच्या घनतेच्या तपासण्या लिहून दिल्या. घनता वयाच्या मानाने कमी निघाली. डॉक्टर म्हणाले की चीर भरून येईल, काही आठवडे लागतील. पण ती का पडली हे कळलं नाही तर उजवा पायही याच वाटेने जाईल. तोवर धावायला परवानगी नाही.

आमचा धावणाऱ्यांचा गट लहान आहे. तो चालवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक आहेत. पुढच्या आठवड्यात ते घरी आले. सोबत गटातल्या अक्का होत्या. अक्कांचं घर कसबा बावड्याला, गोठ्यात नऊ म्हशी. पहाटेची धार काढून, दूध डेअरीला घालून त्या धावायला येतात. येताना त्यांनी किटलीतून दूध आणलं होतं.

सरांनी वही मागितली. सहा महिन्यांची वही होती. एकही दिवस सुटला नव्हता, खाडाखोड नव्हती. ते पानं उलटत राहिले.

"हे काय आहे?"

"नोंदवही."

"हे एसटीचं वेळापत्रक आहे. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली. गाडीत काय बिघाड होता ते कुठाय?"

मी सांगितलं की जे मोजता येतं तेच मी लिहिते. दुखणं मोजता येत नाही. आज दुखतं, उद्या नसतं. एकाच माणसाचं सांगणं, तेही माझंच, दुसरीकडून दुजोरा नाही. डेस्कवर असं वाक्य मी कापते. वहीतही कापलं.

अक्कांनी पिशवीतून एक वही काढली. लाल पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर शेणाचा डाग. प्रत्येक म्हशीला एक पान होतं. दूध किती हे एका रकान्यात होतं. बाकीच्यांत वैरण किती खाल्ली, किती टाकली, रवंथ केला का, शेण कसं, कुठला पाय उचलते, माजावर कधी आली.

"दूध कमी झाल्यालं सगळ्यांच्या शेवटी दिसतंय, ताई," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी आठ दिस ती वैरण टाकाय लागल्याली असती. माज चुकला तर त्याच्याबी आदी कायतरी बिघडल्यालं असतंय. म्हस सांगत न्हाय म्हणून लिवाय लागतंय."

"मी म्हैस नाही."

"न्हाईच की. म्हशीचं कोण न कोण लिवतंय तरी."

सर हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं भाईर बसणं कवापासनं बंद हाय?"

सर उठून गॅलरीत गेले. मी म्हणाले, आठवत नाही. अक्का म्हणाल्या, "मग हुडका."

मी शोधलं. पाय वर ठेवून बसण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. ऑफिसातून पानांच्या आखणीचे कोरे कागद, ज्यांना आम्ही डमी म्हणतो, ते मागवले आणि एकापुढे एक चिकटवले. वरच्या ओळीत तारखा. त्याखाली वहीतलं अंतर आणि वेळ. मग बाकीचं मिळेल तिथून भरलं. रात्रपाळ्या ड्यूटी चार्टवरून. झोपेचे तास घड्याळाने आपणहून साठवले होते, मी ते कधी उघडले नव्हते. फोनमधल्या संदेशांतून उरलेलं मिळालं. सहकारी मैत्रिणीला मी ऑगस्टच्या अखेरीस लिहिलं होतं : "पोटात दुखतंय, तासभर उशिरा येते." त्यानंतर तसा संदेश नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर : "जिना नको वाटतोय, लिफ्टने येते." चार दिवसांनी तिने विचारलं होतं, पाय कसा आहे. मी लिहिलं होतं, ठीक.

जेवणाचा रकाना भरणं सगळ्यात सोपं गेलं. आई असताना रात्रपाळीहून आले की ताट झाकून ठेवलेलं असे. ती गेल्यानंतर रात्रपाळीच्या आठवड्यांत मी रात्री जेवत नव्हते. हे मला माहीत होतं. पण एका ओळीत पन्नासवर रिकाम्या चौकटी मी तेव्हा प्रथम पाहिल्या.

कागद जमिनीवर पसरल्यावर जे दिसलं ते असं. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी होती आणि त्या आठवड्यात झोप पाच तासांच्या खाली होती. त्या आठवड्यांत अंतर एका किलोमीटरनेही कमी झालं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवड्याचं अंतर अडतीसवरून एकदम सत्तावन्न झालं होतं. लिफ्टचा संदेश त्यानंतर सोळाव्या दिवशी. त्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबरपासून, पाळी बंद होती. बूट आठशे किलोमीटर चालले होते. रस्ता जाताना आणि येताना दोन्हीकडे डाव्या कडेचाच, आणि ती कडा उतरती. डावा पाय रोज खालच्या बाजूला पडत होता. सरांनी त्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, भर पडली असेल, सिद्ध करता येणार नाही. मी त्या चौकटीत "अपुष्ट" लिहिलं आणि चौकट ठेवली.

डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं की मुख्य गोष्ट खाण्याची आहे. धावायला जेवढं लागतं तेवढं शरीराला मिळत नव्हतं. मग शरीराने आधी पाळी बंद केली, नंतर हाडाची डागडुजी. आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात डबा ऑफिसात न्यायचा असं ठरलं. अक्कांची किटली एक दिवसाआड येत राहिली. फेब्रुवारीच्या शेवटी पाळी आली. मी तारीख लिहिली.

धावायची परवानगी मिळाली आणि नवी वही मार्चमध्ये सुरू झाली. रकाने सरांनी आखले. उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडी. झोप किती आणि कशी. आदल्या रात्री काय खाल्लं. कुठले बूट, कुठला रस्ता. किती जड गेलं ते एक ते दहामध्ये, पण धाव संपल्यावर अर्ध्या तासाने.

"लगेच का नाही?" मी विचारलं.

"शेवटच्या शंभर मीटरचा राग त्यात उतरतो. तुम्हाला सगळ्या धावेचा आकडा पाहिजे."

दुखणं तीनदा लिहायचं : धावताना, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना. स्नायू दुखला तर दुखतं ते पसरट असतं आणि पाय गरम झाला की बऱ्याचदा कमी होतं. हाडाचं दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागी असतं आणि धावता धावता वाढतं. म्हणून बोटाने दाबून पाहायचं, एकाच जागी सापडतं का. पाळीची तारीख. शेवटी एक ओळ मोकळी, त्यात काहीही. पहिले काही आठवडे ती ओळ मी रिकामी ठेवली. सर म्हणाले, रिकामी का आहे तेच लिहा. मी लिहिलं : काही वाटलं नाही. पुढे तेच वाक्य अनेक दिवस आहे.

रोजच्या नोंदीवरून रोज निर्णय घ्यायचा नाही, हा सरांचा नियम होता. एका दिवसाची नाडी वाढते, एका दिवसाची झोप मोडते. रविवारी मागचे तीन आठवडे एकत्र वाचायचे. आजच्या दुखण्याचं कारण आजच्या रकान्यात क्वचित असतं.

सुरुवात एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं इथून झाली. जूनपर्यंत मी सलग आठ किलोमीटर धावत होते. जुलैच्या तिसऱ्या रविवारी गट राधानगरीच्या रस्त्यावर लांब धावेला जाणार होता. माझ्या वाट्याला त्यातले चौदा किलोमीटर होते. तेवढं अंतर डिसेंबरनंतर मी धावले नव्हते, आणि मला ते हवं होतं. त्या वर्षात मला हवं असलेलं दुसरं काही आठवत नाही.

त्या आठवड्यात रात्रपाळी आली, एका सहकाऱ्याच्या आजारपणामुळे सलग दुसरी. शनिवारी दुपारी मी वही एक दिवस आधी वाचली. सकाळची नाडी एरवी चौपन्न, ती पाच दिवस साठच्या वर. झोप साडेचार, पाच, चार. तोच सहा किलोमीटरचा रस्ता, तोच वेग, पण जडपणा चारऐवजी सात. दोन डबे अर्धे परत आलेले. शुक्रवारच्या रकान्यात : उजवी नडगी, आतली बाजू, घोट्याच्या वर चार बोटं, दाबल्यावर एकाच जागी. शनिवारी जिन्यात : तिथेच. वेळ आणि अंतर मात्र ठरल्याप्रमाणे होतं. फक्त तेवढंच लिहिलेलं असतं तर आठवडा चांगला दिसला असता.

मी पानाचा फोटो सरांना पाठवला. सरांचा फोन आला.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

"एकाच माणसाचं सांगणं आहे."

"सहा रकाने आहेत. आणखी किती जणांना विचारणार?"

रविवारी पहाटे अक्कांचा फोन आला. गाडी कोपऱ्यावर थांबली होती. मी येत नसल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं हाय. दूध परत येताना देतो." गाडी गेली.

मी पुन्हा झोपले. घड्याळाप्रमाणे चार तास दहा मिनिटं.

सोमवारी उजव्या पायाचा एमआरआय झाला. अहवाल मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मिळाला. नडगीच्या हाडात, आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, चीर पडण्याआधी येते ती सूज होती. चीर नव्हती.