डावीकडचा खालचा कोपरा

गुरुग्राममधल्या ज्या कंपनीत मी काम करते, ती इमारतींची अग्निसुरक्षा तपासते. आमचे निरीक्षक सोसायट्या, दवाखाने, गोदामे फिरतात, भिंतीवरच्या प्रत्येक लाल सिलिंडरचा फोटो काढतात आणि फोनवरच्या अर्जात शेरा लिहितात: काटा हिरव्यात, सील शाबूत. सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान तबकडी असते. तिच्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर आत पुरेसा दाब आहे. लाल पट्ट्यात असेल तर आग लागल्यावर त्या सिलिंडरचा काही उपयोग नाही. निरीक्षक दमलेले असतात, घाईत असतात, कधीकधी आधीच्याच सिलिंडरचा शेरा पुढच्याला चिकटवतात. म्हणून ऑफिसात चार तपासनीस बायका बसून प्रत्येक फोटो पुन्हा पाहत. या चौघींचे काम चित्र वाचणाऱ्या एआय मॉडेलकडून करून घेता येईल का, ते ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ती मी मागूनच घेतली होती.

चौघींपैकी एकीला मी जेवताना काकू म्हणत असे. त्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मेट्रोने येत. ऑफिसच्या त्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो, त्यामुळे डबा एकत्र उघडायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरून गेले. त्यांचे यजमान वर्षअखेरीस निवृत्त होणार होते, क्वार्टर सुटणार होते आणि गाझियाबादला भाड्याचे घर बघणे चालू होते. ते घर काकूंच्या नोकरीच्या भरवशावर घेतले जाणार होते, हे मला माहीत होते. त्यांनी मला ते भरल्या वांग्याची एक फोड वाढता वाढता सांगितले होते.

काकूंची कामाची एक पद्धत होती. पडद्यावर डावीकडे फोटो आणि उजवीकडे निरीक्षकाचा शेरा दिसत असे. काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून मॉनिटरवर अशी अडकवली होती की शेरा झाकला जाई. फोटो पाहतानाही त्या तबकडीकडे लगेच वळत नसत. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, जिन्याची पायरी, बादली, कोणाची चप्पल असे पाहत पाहत त्या काट्यापर्यंत पोहोचत.

"आधी शेरा वाचला ना, की डोळे तेच बघतात," त्या म्हणाल्या होत्या. "आणि एकदम काट्याकडे गेलं तर मनात जे असतं तेच दिसतं. कोपऱ्यापासून निघालं की खरंच बघावं लागतं."

मी हसले होते. "काकू, एवढं सॉफ्टवेअर बनवलं आणि तुम्ही त्यावर पुठ्ठा लावलात?"

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केले आहे. मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर आधी कळू देऊ नये, हे मी प्रयोगशाळेत शिकले आणि परीक्षेत लिहिले होते. तरी तो पुठ्ठा मला जुगाडच वाटला.

सुरुवातीला मी दहा जुने फोटो एकेक करून हाताने मॉडेलला दाखवले. त्याने काटे व्यवस्थित वाचले. मग मी तेच काम आपोआप करणारा प्रोग्रॅम लिहिला: तो फोटो उचलेल, सोबत निरीक्षकाचा शेरा जोडेल, दोन्ही मॉडेलकडे पाठवेल आणि उत्तर तक्त्यात भरेल. शेरा का जोडला? मॉडेलला संदर्भ मिळावा म्हणून. उत्तर 'हिरवा' किंवा 'लाल' एवढेच दे, दुसरे काही लिहू नकोस, अशी सक्त सूचनाही दिली, कारण लांबलचक उत्तरांनी तक्ता बिघडत होता. एखादा फोटो जोडता आला नाही तर सगळे काम अडू नये, म्हणून तशी नोंद एका फाइलमध्ये टाकून पुढे जायचे, असेही त्यात लिहिले. ती फाइल मी कधी उघडली नाही.

आकडे सुंदर आले. मॉडेलचे उत्तर आणि तपासनिसांचा निर्णय जवळजवळ सगळीकडे जुळत होता. जिथे जुळत नव्हता त्या मोजक्या ओळी मी 'किरकोळ तफावत' या शीर्षकाखाली शेवटच्या स्लाइडवर ठेवल्या.

मीटिंगमध्ये आमचे साहेब खुर्चीत पुढे सरकले. "यार, इतना मॅच? कमाल है!"

तेव्हा मागच्या रांगेतून काकूंनी हात वर केला. त्यांचे हिंदी दिल्लीतल्या तीस वर्षांनंतरही मराठी वळणाचेच आहे. "सर, एक बार इसको फोटो का कोना पूछ के देखिए ना. नीचे बायीं तरफ़ क्या रखा है. पता चलेगा, देखता है कि नहीं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी तिथल्या तिथे ती एका शब्दाची सूचना काढली, एक फोटो प्रोग्रॅममध्ये टाकला आणि विचारले, या चित्रात काय दिसते? उत्तर आले: भिंतीवर बसवलेले लाल अग्निशामक सिलिंडर, दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात.

"देखता है, मॅडम," मी म्हणाले. काकू नाही, मॅडम. "और मॉडल को कोने से नहीं, डेटा से जाँचते हैं."

खोलीत हशा पिकला. काकूही थोड्या हसल्या आणि त्यांनी हात खाली घेतला. त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चौघींचे काम संपेल, असे त्याच मीटिंगमध्ये ठरले.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुपारी काकू माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात एका फोटोचा प्रिंट होता. शेरा होता 'काटा हिरव्यात'. फोटोत काटा स्पष्ट लाल पट्ट्यात होता. माझ्या तक्त्यात 'हिरवा' लिहिले होते.

"एखादी चूक होणारच, काकू. माणसांचीही होते."

"चूक कुठे म्हणतेय मी? चुकायला बघावं लागतं ग. ह्यानं बघितलंच नाहीये. त्या दिवशी तू विचारलंस, काय दिसतं म्हणून. आगीच्या सिलिंडरचा शेरा वाचून मीपण डोळे मिटून सांगेन, भिंत आहे, लाल सिलिंडर आहे." त्यांनी प्रिंटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे फरशी पुसायची पिवळी बादली होती, कड तुटलेली. "हे शेऱ्यात नाही. हे विचार."

"बघते," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी विचारले. उत्तर आले: गडद फरशी आणि भिंतीचा पाया. दुसऱ्या फोटोच्या त्याच कोपऱ्यात कोणाच्या तरी निळ्या सँडल होत्या. उत्तर पुन्हा फरशीचे. मग मी तिसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात स्वतः चार ठळक आकडे लिहिले आणि ते वाचायला सांगितले. मॉडेलने चार आकडे दिले. त्यातला एकही माझा नव्हता. शेवटी मी फोटो न जोडताच नुसता शेरा पाठवला आणि 'या चित्रात काय दिसते?' हेच पुन्हा विचारले. मीटिंगमध्ये आलेले वाक्य जवळपास शब्दशः परत आले.

मी ती नोंदींची फाइल उघडली. निरीक्षकांना नवे फोन मिळाल्यापासून त्यांचे फोटो ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठे येत होते, म्हणून ते जोडलेच जात नव्हते. ओळीमागून ओळ तेच सांगत होती. मॉडेलपर्यंत पोहोचत होता फक्त शेरा; मोकळ्या प्रश्नांना ते त्यावरूनच उत्तर रचत होते, आणि तक्ता भरताना 'हिरवा' किंवा 'लाल' एवढेच लिहिण्याच्या माझ्या सूचनेमुळे 'चित्र मिळाले नाही' असे सांगायला त्याला जागाच उरली नव्हती. बहुतेक सिलिंडर ठीकच असतात, बहुतेक शेरेही बरोबर असतात. म्हणून शेऱ्याची नक्कल तपासनिसांच्या निर्णयाशी जुळत होती. ज्या थोड्या ठिकाणी शेरा चुकला होता, आणि ज्यासाठी या चौघी तिथे बसत होत्या, तिथेच तफावत येत होती. माझ्या शेवटच्या स्लाइडवर.

इथपर्यंतची लाज मला पेलवली असती. चूक सापडते, माणूस ती सांगतो. मी साहेबांकडे गेले नाही. मी हिशेब केला: फोटो लहान करून, शेरा वगळून सगळे पुन्हा चालवायचे, आकडे तसेच आले तर कोणाला काही कळायचे कारण नाही. निष्कर्ष टिकला तर चूक ही चूक राहत नाही, असे काहीतरी मी स्वतःला पटवले. ते चालायला शनिवार-रविवार लागणार होता.

शुक्रवारी चार वाजता केक आला. चौघींना एकेक रोपटे दिले गेले. साहेब भाषणात म्हणाले, टेक्नॉलॉजी को कौन रोक सकता है. काकूंनी केकचा तुकडा माझ्या हातात दिला आणि हळूच मराठीत विचारले, "विचारलंस का ग कोपऱ्याचं?"

"वेळच नाही झाला, काकू."

"बरं. सवडीनं विचार. पण विचार."

मी तो केक खाल्ला.

सोमवारी सकाळी निकाल हातात होता. कोपऱ्यातली बादली या वेळी मॉडेलला दिसली, सँडलही दिसल्या. पण कोपरा दिसणे म्हणजे काटा वाचता येणे नव्हे. फोटो लहान केल्यावर तबकडी अंधुक होई, काचेवर ट्यूबलाइट चमके, आणि चुकीच्या शेऱ्यांपैकी बरेच तसेच निसटत होते. निष्कर्ष टिकला नव्हता. आता मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. निकाल चांगला आला असता तर गेले असते का, याचे उत्तर मला माहीत आहे.

साहेबांनी नवा तक्ता शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "वो आंटी ने उसी दिन बोला था ना?"

"जी."

"तो फोन तुम करो. चारों को."

दोघींनी दुसरे काम धरले होते. एकीने फोन उचलला नाही. काकू बुधवारी आल्या. माझ्या चुकीची त्यांना साहेबांकडून कल्पना मिळालीच होती. त्यांनी तिच्याविषयी एक शब्द काढला नाही. पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढली आणि मॉनिटरवर बसवायला लागल्या. त्यांच्या मागे उभी राहून मी म्हणाले, "काकू, मी गुरुवारीच विचारलं होतं."

त्यांचे हात थांबले. "गुरुवारी? मी गेल्यावर?"

"हो."

"म्हणजे केक खाताना तुला माहीत होतं."

"हो."

"आम्ही शनिवारी गाझियाबादच्या घरमालकाला नको म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. पट्टी नीट बसल्याची खात्री करून त्यांनी पहिला फोटो उघडला.

आता प्रोग्रॅम रोज सकाळी सुरू होण्याआधी मॉडेलला पाच फोटोंचे कोपरे विचारले जातात. ते फोटो आणि प्रश्न काकू निवडतात, रोज नवे, शेऱ्यावरून ओळखता येणार नाहीत असे. एकही उत्तर चुकले तर काम सुरूच होत नाही. काट्यांचा अंतिम निर्णय काकूच देतात. उत्तरांचा कागद मी त्यांच्याकडे नेते, त्या तो ताडून पाहतात आणि सही करून परत देतात. दुपारी त्या आपल्या टेबलावर डबा उघडतात. मी माझ्या.