संघमित्राने अडवलेली सही

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संघमित्राला विघ्नसंतोषी म्हणतात. म्हणू देत. मी तिची शेजारीण आहे आणि असं एक विघ्न प्रत्येक इमारतीत असावं, असं माझं ठाम मत आहे.

ती अंधेरीला एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात कामाला आहे. कुठली कंपनी चालू, कुठली निष्क्रिय, कुणाचं नाव सरकारने नोंदीतून काढलं, कोण दिवाळखोरीच्या कारवाईत, हे बघण्यातच तिचा दिवस जातो. घरी सासू, सोनूबाई. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांची पार वाट लागलेली. पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त हरखल्या त्या. ट्रंक भरून दोरीने बांधूनसुद्धा ठेवली.

करारावर सह्या करायला गच्चीवर सभा भरली. बिल्डर अनिरुद्धशेठ पेढे घेऊन आले होते. आमचे सेक्रेटरी नंदकिशोर छाती फुगवून म्हणाले, "मी स्वतः सरकारी साइटवर बघितलंय. शेठची कंपनी मेघसावली होम्स, अ‍ॅक्टिव्ह!"

संघमित्रा उभी राहिली. कराराची प्रत तिने आधीच मागून घेतली होती.

"नंदूकाका, तुम्ही जाहिरातीवरचं नाव शोधलंत. करारात मेघसावली इन्फ्रा आहे. त्यातला नोंदणी क्रमांक टाकून बघा."

नंदकिशोरांनी मोबाइल काढून क्रमांक टाकला. मी डोकावले. दिवाळखोरीची कारवाई सुरू, असं स्वच्छ लिहिलेलं.

"अहो, एकाच घरातल्या दोन कंपन्या," शेठ हसले.

"पत्रिका थोरल्याची दाखवायची आणि बोहल्यावर धाकटा उभा करायचा?" संघमित्रा म्हणाली. "इन्फ्राचा कारभार आता न्यायाधिकरणाने नेमलेल्या माणसाकडे आहे. संचालकांना सहीचा अधिकारच उरलेला नाही. मी त्या साहेबांना फोन केला. त्यांना आपल्या इमारतीचं नावही ठाऊक नाही. घरं रिकामी करून द्यायची कुणाच्या भरवशावर?"

"आज सही नाही, तर ऑफर रद्द!" शेठचा आवाज चढला.

"करा रद्द. होम्सच्या नावाने नवा करार आणा, मग ती कंपनीही तपासू. तोवर माझी सही मिळणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सासूच्या गुडघ्यांचा तरी विचार कर गं!"

ते तिला लागलं. तिचा चेहरा पडला. मला इतका संताप आला की हातातला पेढा मी परत खोक्यात टाकला.

तेवढ्यात सोनूबाई भिंतीला धरून उठल्या. "माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊन कुणी सही मागायची नाही," म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून जिना उतरू लागल्या. त्यांच्यामागून मी निघाले, मग एकेक जण. पेन टेबलावरच राहिलं.

घरात शिरताच सोनूबाई ट्रंकेपाशी बसल्या. गाठ घट्ट होती. त्यांनी ती दातांनी सोडवली.