पावडरकाकांची बोटं

आमच्या पावडरकाकांसारखा काटेकोर माणूस मी माझ्या नर्सच्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. गावच्या पाण्याच्या टाकीवर पंधरा वर्षं काम. रोज पहाटे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास घड्याळ धरून बसायचं. मगच गावाला पाणी. नळाशी कितीही बोंबाबोंब होवो, काका ढिम्म.

आणि गावानं काय केलं? जुलाबाची साथ आली तसं सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडलं. म्हणे पावडरीनंच पोटं बिघडतात! त्यातून काकांची तीन वर्षांची नात आजारी पडली आणि लोकांना आयतंच निमित्त मिळालं. काका बिचारे मला विचारत, "सिस्टर, मी कुठे चुकतोय?" मला तरी कुठे ठाऊक होतं!

म्हणून आम्ही शाळेत आरोग्य शिबिर ठेवलं. भाषणाला मेडिकलचा एक विद्यार्थी आला. पावडर चालू ठेवायची की बंद करायची, ते त्याचं ऐकून ठरवायचं, असं गावकऱ्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मुलगा हुशार होता, पण घाबरट. "दूषित पाणी" म्हटलं की त्याचा घसा कोरडा पडायचा आणि तो समोरच्या तांब्यातलं पाणी प्यायचा. चौथ्या पेल्यानंतर त्यानं पिशवीतून काचेची नळी काढली आणि तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं.

"हे तुमचंच पाणी. औषधाचे थेंब टाकतो. क्लोरीन असेल तर पिवळं होईल."

थेंब पडले. पाणी जसंच्या तसं.

"पाण्यात क्लोरीनच नाही! आज कुणी पावडर टाकलीच नाही!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मला तर त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात हेडमास्तरांच्या पत्नी लगबगीनं उठल्या. "अहो, ते टाकीचं नाहीच मुळी! आमच्या विहिरीचं आहे. पाहुण्याला वासाचं पाणी द्यायचं का आम्ही? काहीतरीच!"

"उकळलंय?" मुलानं विचारलं.

"अय्या, उकळायला काय झालंय? गार, गोड आहे!"

मुलानं रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. पुढची पाच मिनिटं तो कागद न बघता बोलला, आणि काय बोलला! उघडी विहीर, शेजारचा संडास, जंतू, जुलाब, अंगातलं पाणी आटणं, लगेच साखर-मिठाचं पाणी. प्रत्येक वाक्याला पोटावर हात. लोक हसून हसून बेजार, पण एकही जण जागचा हलला नाही.

काका मात्र तोवर टाकीवर धावत जाऊन बादली भरून घेऊन आले होते. पुन्हा थेंब पडले आणि नळीतलं पाणी पिवळं झालं.

"पावडर चालू ठेवा!" मुलगा ओरडला. "तुमची टाकी एक नंबर आहे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. काकांचे डोळे भरून आले. त्याच भरात त्यांनी पेला उचलला आणि चार बोटांसकट बादलीत बुडवला. "घ्या डॉक्टर, आता खरं पाणी प्या!"

काकांच्या नखांत टाकीच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातला काळा गाळ होता.

"काका, बोटं!" मुलगा दचकला.

"बोटांना काय झालं? पुसलीत की पँटला. घरी माठातून असंच तर देतो."

"पाणी रात्रभर माठात राहिलं की क्लोरीन उडून जातं, काका. मग त्यात जो हात बुडेल, त्याची घाण तशीच पोटात जाते. घरी कोण पितं ते पाणी?"

"नात," काका म्हणाले. "माझ्याच हातून पिते. दुसऱ्या कुणाच्या नाही."

आणि त्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली. हसणारे एकमेकांकडे पाहत राहिले. आपापल्या माठात कुणाकुणाची बोटं बुडतात ते आठवायला लागले असावेत.

काका नळाशी गेले. साबण घेऊन तळहात, बोटांच्या फटी, नखं, अंगठे, सगळं घासलं. हात धुतले, पुन्हा साबण लावला. मी म्हटलं, "काका, वीस सेकंद पुरतात हो." ऐकतंय कोण!

एवढ्यात सून नातीला कडेवर घेऊन आली. पोर अजून मलूल होती. आजोबांना बघताच तिनं पाणी मागितलं. मी साखर-मिठाच्या पाण्याचा पेला काकांपुढे धरला. त्यांनी ओले हात मागे लपवले.

"तुम्हीच पाजा, सिस्टर."

"मी नाही पाजणार. तुमचे हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत आता. धरा मुकाट्यानं!"

त्यांनी पेला खालून, बाहेरून धरला. कडेला बोट लागू नये म्हणून तो इतका अलगद धरला की निम्मं पाणी पोरीच्या फ्रॉकवर सांडलं. उरलेलं ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "आजोबा, अजून."