मधे कोण होतं?

"मधे कोण होतं?"

कुठलाही कागद हातात आला की आमच्या बाईंचा पहिला प्रश्न हा. पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर ठकठक आपटत त्या विचारायच्या. म्हणजे, हा मजकूर मूळ भाषेतून इंग्रजीत कुणी आणला? मूळ कागद कोरियन असो की तुर्की, आमच्यापर्यंत यायचं ते कुणीतरी, कुठेतरी केलेलं इंग्रजी. त्यावरून बाई मराठी करायच्या. "आपण उष्टं खातो," त्या म्हणायच्या, "निदान कुणाचं ते तरी कळू दे."

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर चपलांच्या एका दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं भाषांतराचं ऑफिस होतं. मी मराठी टायपिंग करायचो. बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि एका जागी बसणं म्हणजे त्यांना शिक्षा. एक वाक्य लिहिलं की खिडकीपर्यंत एक चक्कर. "मॅडम, आप मेरी लादी घिस डालेंगी," असं शेठ म्हणायचे. बाई मान हलवायच्या आणि पुन्हा उठायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्याकडे नुसतं बघून आपल्याला दमायला होतं.

एकदा मिक्सरचं माहितीपत्रक आलं. बाईंना कोरियन ओ की ठो येत नव्हतं, पण आकडे येत होते. मूळ पानावर सात सूचना, इंग्रजीत सहा. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बाईंनी तीन दिवस शेठच्या मागे भुणभुण लावून कंपनीकडे विचारणा करायला लावली. सुटलेली सूचना होती, ओल्या हातानं प्लगला हात लावू नका. शेठ त्या दिवशी लादीबद्दल काही बोलले नाहीत.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला त्या आठवतात त्या उत्तनजवळच्या तारोडी गावातल्या एका मावशींच्या पत्रामुळे.

मावशी आल्या त्या पिशवी पोटाशी धरून. त्यांचा मुलगा सायमन मालवाहू जहाजावर होता. परदेशी समुद्रात ताप चढला, आणि बंदर यायच्या आधीच तो गेला. शव घरी आलं, गावच्या चर्चमागे पुरलं. त्यानंतर दोन महिन्यांनी हे पत्र आलं, जहाजावरच्या खानसाम्याचं. तो जॉर्जिया देशाचा. शेवटच्या दिवशी तोच सायमनजवळ बसून होता. पत्र त्याच्या भाषेत, तिच्या गोलगोल लिपीत, चार पानं हातानं लिहिलेलं. त्याला दुसरं काही लिहिता येत नव्हतं, आणि मुंबईत ते वाचणारं कुणी सापडेना. शेवटी नोकरी लावून देणाऱ्या एजंटनं त्या देशातल्या कुणाकडून तरी इंग्रजी करून आणलं. ते भरलं एक पान.

"येवडाच सांगा," मावशी म्हणाल्या, "शेवटाला माजा पोर काय बोल्ला?"

बाईंनी समोरच मराठी करून वाचून दाखवलं. मयताला तीव्र ताप होता. सहकाऱ्यांनी शक्य ती काळजी घेतली. शेवटी मयत असंबद्ध बोलत होता. त्यानंतर शांतपणे प्राण गेला.

"म्हंजे काय बोल्ला?"

"अर्थ लागत नव्हता, असं लिहिलंय."

मावशी कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये माज्या सायमनचा न्हाय. ह्ये कोनाचा पन आसल." कागदपत्र आमच्याकडेच ठेवून त्या जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी बाईंनी किती चकरा मारल्या ते मी मोजलं नाही. संध्याकाळी त्यांनी मूळ चार पानं टेबलावर पसरली. पत्रासोबत सायमनचा एक फोटोही आला होता. त्याच्या मागे इंग्रजीत सायमनचं नाव होतं आणि त्याखाली खानसाम्यानं तेच आपल्या लिपीत लिहिलं होतं. बाईंनी ती आकृती डोळ्यांत बसवली आणि पत्रात ती शोधू लागल्या.

"हे बघ, शेपूट बदलतं, धड तेच. आपल्याकडे सायमननं, सायमनला होतं ना, तसं असणार."

पेन्सिलीनं एकेक गोल पडत गेला. मूळ पत्रात सायमनचं नाव अकरा वेळा, इंग्रजीत एकदा. बाकी सगळीकडे मयत. मूळ परिच्छेद बारा, इंग्रजी पाच. मूळ पत्रात प्रश्नचिन्हं चार, इंग्रजीत एकही नाही. "अरे, हा माणूस त्या आईला काहीतरी विचारतोय! आणि मधला गप्प!"

मग त्यांचं बोट तिसऱ्या पानावर थांबलं. तिथे अवतरणचिन्हं होती. एक खाली, एक वर. त्यांच्या पुढेच एक प्रश्नचिन्ह.

"इथे कुणीतरी बोललंय," बाई म्हणाल्या. "तोंडचे शब्द आहेत."

एजंटकडून त्या मधल्या भाषांतरकाराचा ईमेल मिळवायला चार दिवस लागले. बाईंनी त्याला लिहिलं ते मीच टाइप केलं. आम्हाला चांगलं इंग्रजी नको, मोडकंतोडकं चालेल. एकही वाक्य जोडू नका, गाळू नका. जिथे नाव आहे तिथे नाव लिहा. आणि तिसऱ्या पानावर अवतरणचिन्हांत जे आहे त्याचं भाषांतर करूच नका, एकेक अक्षर इंग्रजी लिपीत उतरवून द्या.

उत्तर यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बाई माझ्या डोक्यावर बसल्या. "आलं का? परत बघ." शेवटी आलं. माणूस वाईट नव्हता हो. त्यानं लिहिलं होतं, की एजंटला फक्त फाइलला लावण्यापुरतं हवं होतं, म्हणून मी गोषवारा केला. स्वयंपाकाचं, खासगी बोलणं गाळलं. आणि अवतरणचिन्हांतलं आमच्या भाषेतलं नाहीच. खानसाम्यानं कानावर पडलं ते आपल्या अक्षरांत टिपून ठेवलंय. त्याला अर्थ नाही, म्हणून मी असंबद्ध लिहिलं. खाली अक्षरं दिली होती.

बाईंनी ती वाचली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

ai dar ughad mi hai

दोन भाषा ओलांडून आमच्याकडे असंबद्ध म्हणून आलेलं ते वाक्य आमचंच होतं. बाई उठल्या नाहीत. खिडकीकडेही गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तनची बस पकडून तारोडीला गेलो. बाई संपूर्ण वाट पदराशी चाळा करत होत्या. "फोन केला असता तरी चाललं असतं," मी म्हणालो. "आणखी एक मधला?" त्या म्हणाल्या.

मावशी ओट्यावर सुकट निवडत होत्या. बाईंनी सबंध पत्र वाचलं. सायमननं खानसाम्याला मासळीचं आंबट शिकवलं होतं. त्यात शेवटी काय टाकायचं ते सांगायचं राहिलं, तर आई, काय टाकायचं? तुमच्या घरातून समुद्र दिसतो, हे खरं का? मावशी मान हलवत होत्या, मधेच हसल्यासुद्धा. मग बाई तिसऱ्या पानाशी आल्या आणि अडखळल्या.

"तो लिहितो, सायमन हे पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी लिहून ठेवलं. आई, ह्याचा अर्थ काय?" बाईंनी कागद खाली ठेवला. "ताई, इथे मी काहीच केलेलं नाही. हे त्याचंच आहे." आणि त्यांनी न बघता म्हटलं, "आय, दार उघड. मी हाय."

मावशींचे हात सुकटीत तसेच राहिले. जहाजावर लागण्याआधी रोज मासेमारीच्या बोटीवरून उशिरा आला की बाहेरून हेच म्हणायचा, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मात्र त्या उठल्या. घराचं दार उघडंच होतं. तरी त्यांनी त्याची दुसरी फळी आत ढकलली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"उगडाच हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "ये."

बाई ओट्यावर बसून होत्या. परतीची बस येऊन गेली, त्यानंतरचीही गेली. आमच्या बाई हलल्या नाहीत.