माझ्या भावात आला की विकतो

बाबांच्या तोंडचं हे वाक्य मी वर्षभर इतक्यांदा ऐकलं, की ते बोलायच्या आधीच माझं डोकं तापायचं. लकडगंजातल्या लाकूडबाजारात आमचं सागवानाचं दुकान आहे. दारं, चौकटी, कधी देव्हाऱ्याचं लाकूड. हिशेब, जीएसटी, गिऱ्हाइकाचे फोन माझ्याकडे. लाकूड पारखणं बाबांकडे. लाकडाच्या बाबतीत या माणसाला कोणी फसवू शकत नाही. ओंडक्यावर नखानं खरवडून, वास घेऊन ते सांगतात, आत पोकळ आहे की नाही. आणि हाच माणूस एका फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर दुकानाचं भांडवल लावून बसला.

झालं असं, की बाजारातल्या दुकानदारांचा एक ग्रुप आहे. आधी त्यावर सुप्रभात आणि लग्नपत्रिका यायच्या. मग शेजारच्या प्लायवूडवाल्या काकांनी एका सोलर कंपनीच्या शेअरमधला आपला नफा टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी टाकला. तोटा कोणी टाकत नाही, हे बाबांच्या लक्षातच आलं नाही. ते अस्वस्थ झाले. जेवताना फोन, चहाला फोन.

"अख्खा बाजार कमावून राहिला, आपणच बसून आहो."

"बाबा, ती कंपनी काय बनवते, माहीत आहे का तुम्हाले?"

"तुले काय कराचं आहे? भाव पाह्य ना, कसा चढून राहिला."

भाव चढून झाला होता, म्हणूनच तर सगळ्यांना दिसत होता. पण सांगते कोणाला! बाबांनी भरपूर घेतले, अगदी वरच्या भावात. महिनाभरात शेअर उतरायला लागला. त्यांच्याकडे एका जुन्या बँकेचे चांगले शेअरही होते. ते जरासे वर गेले की "नफा हातात घ्यावा" म्हणून लगेच विकून मोकळे झाले. उतरत गेलेला मात्र छातीशी धरून बसले. चांगलं झाड तोडायचं आणि वाळवी लागलेल्याला पाणी घालायचं, असा सगळा उफराटा कारभार.

मी विका म्हटलं, तर म्हणाले, "सागवान पडून राहिलं तर खराब होते का वं? वाळते, भाव वाढते. हेही तसंच. माझ्या भावात आला की विकतो."

सागवान वाळतं, कारण त्याच्या अंगात तो गुण आहे. कागद पडून राहिल्यानं वाळत नाही. आणि बाबांचा भाव कोणता, हे त्या कंपनीला ठाऊकसुद्धा नाही! त्यांनी कितीला घेतला, यावर उद्या तो कुठे जाईल हे कसं ठरेल? मी हे कळकळीनं सांगायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात आणखी एक रोग जडला. दुपारी ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गिऱ्हाईक नाही, करवत बंद. मग बाबा फोनवर सकाळी घेतलेलं दुपारी विकायचे, विकलेलं पुन्हा घ्यायचे. सोलरमधला घाटा असा थोडा थोडा भरून काढू म्हणायचे. मी एकदा शांतपणे पाहिलं. दुकानात वर्दळ असली, की ते एकही सौदा करत नसत. दुकान रिकामं, की सौद्यांवर सौदे. म्हणजे बाजारात संधी कधी येणार, हे आमच्या दुकानातल्या सामसुमीवर ठरत होतं. दलाली, टॅक्स आणि बाकीचे आकार जोडून पाहिले, तर सुटलेला किरकोळ नफा त्यातच गेला होता आणि वर पदरचे पडले होते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दाखवलं, तर म्हणाले, "टाइमपास तर झाला."

मग लिलाव आला. रामटेककडच्या, वनखात्याच्या जंगल डेपोत सरळ, जुन्या सागाचा एक लॉट मी स्वतः पाहून आले होते. एका शाळेच्या सगळ्या दारांची ऑर्डर हाती येत होती आणि हा लॉट तिच्यासाठीच कापल्यासारखा होता. आयुष्यात पहिल्यांदा बोली मी लावली. बाबा मागे उभे होते. लॉट आम्हाला सुटला. डिपॉझिट भरलं. उरलेली रक्कम मुदतीत भरायची, नाहीतर लॉटही जातो आणि डिपॉझिटही.

ती रक्कम सोलरमध्ये अडकलेली. शाळेच्या ऑर्डरसाठी तरी बाबा शेअर विकतील, या भरवशावर मी बोली लावली होती.

"बाबा, एकच सांगा," मी म्हटलं. "हा शेअर तुमच्याजवळ नाहीच, असं समजा. तेवढे पैसे आज हातात आहेत. आज, या भावात, तुम्ही हा घ्याल का?"

त्यांनी फोनवर भाव पाहिला. मग म्हणाले, "नाही घेणार."

"मग ठेवता काहून?"

"घाटा खाऊन विकाचा नाही मले. माझ्या भावात येऊ दे, त्याच मिनिटाला विकतो. तुह्या लॉटची शप्पथ."

मी चिडले, रडलेसुद्धा. पण खातं त्यांचं, बोट त्यांचं. मुदत शुक्रवारची होती. विकल्यावर पैसे बँकेत यायला दोन दिवस धरावे लागतात, म्हणून बुधवारपर्यंत विकणं भाग होतं. सोमवारी शेअर वळला. मंगळवारी चांगलाच चढला. बुधवारी सकाळी मी चौकट मोजत होते, तेवढ्यात बाबा ओरडले, "आला वं! आला माझ्या भावात!"

मी टेप टाकून धावले. वर्षभराचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं होतं. त्या क्षणी मी प्लायवूडवाल्या काकांनाही माफ करून टाकलं.

"विका," मी म्हटलं.

बाबांचं बोट हललं नाही. डोळे चमकत होते. हेच डोळे मी पहिल्या दिवशी, तो ग्रुप वाचताना पाहिले होते.

"आता? आता तर चढून राहिला. ग्रुपवर सगळे म्हणून राहिले, अजून लय वर जाते. आता विकून लोकाले कमाई करू देऊ का?"

"बाबा, शपथ घेतली होती तुम्ही."

"उद्या विकतो ना. एका दिवसानं काय होते?"

मी हात जोडले. त्यांनी फोन खिशात टाकला.

गुरुवारी बाजार उघडला तोच खाली. दुपारपर्यंत शेअर सोमवारच्या आधी होता त्याहूनही तळात. बाबांनी विकला नाही. विकला असता तरी पैसे वेळेत येणार नव्हते. मी उसने मागायला दोन दुकानं फिरले. तिथेही सगळ्यांचा पैसा त्याच कंपनीत अडकला होता. शनिवारी डेपोतून कळलं, लॉट रद्द, डिपॉझिट जप्त.

मला वाटलं, बाबा कोसळतील. त्यांनी चहा मागवला.

"गेलं तर गेलं," ते म्हणाले. "धंद्यात घाटा खावा लागते कधी कधी. मनाले नको लावून घेऊ."

माझा ताबा सुटला. "मग हाच घाटा शेअरमध्ये काहून नाही खाल्ला? मी विका म्हटलं तेव्हा याच्याहून लहान होता तो, बाबा! लॉट तरी घरात आला असता!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू साधी गोष्ट मलाच कळत नाही.

"तो घाटा अजून झाला कुठे वं? विकल्यावर होते."

दारांची ऑर्डर घेऊ शकत नाही, हे शाळेला सांगायचा फोन मीच केला.